पेन्सिलीचा आकडा आणि माझा ‘बाळबोध’पणा

सही-आकडा असलेलं चित्राचं प्रिंट अस्सल की छापील नक्कल हे भिंगाने कसं ओळखावं, यावर मी लिहिलं होतं. त्यावर वाचकाची प्रतिक्रिया:
“भिंगातून ठिपके दिसले की नक्कल, हा तुमचा निकष बाळबोध आहे. अमेरिकन चित्रकार वॉरहॉलच्या स्क्रीनप्रिंटमध्येही ठिपके असतात, ती काय पोस्टरं म्हणायची? ऑफसेट हीसुद्धा लिथोग्राफीच. आणि चित्रकाराने स्वतःच्या हाताने पेन्सिलीने सही करून आकडा घातला असेल, तर छपाई कशी झाली याने काय बिघडतं? अर्धवट माहितीवर लोकांना घाबरवू नका.”

नमस्कार.

मुद्दा मांडायला ‘बाळबोध’ आणि ‘अर्धवट’ हे शब्द लागतातच का? मी अकरा वर्षं पोस्टरं-पुस्तकं छापणाऱ्या ऑफसेट प्रेसच्या प्लेटरूममध्ये काढली आहेत. रजिस्ट्रेशन हललं, म्हणजे रंग एकमेकांवर नीट बसले नाहीत, की भिंग घेऊन डोळे फुटेस्तोवर डॉट बघत बसायचं, हेच काम होतं. तुम्ही काय करता हे मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही.

वॉरहॉलबाबत मात्र एक शब्द मागे घेतो. मी नुसतं ‘ठिपके’ लिहिलं, ‘रोझेट’ लिहायला हवं होतं. त्याच्या १९६७ च्या मेरिलिन मन्रोच्या प्रिंटमध्ये फोटोचे डॉट आहेत, पण ते गडद रंगाच्या एकाच थरात. खालचे गुलाबी-पिवळे रंग सपाट, सलग, जाडसर बसलेले. चाररंगी ऑफसेटमध्ये निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा ठिपक्यांच्या चार जाळ्या वेगवेगळ्या कोनांत एकमेकांवर पडतात आणि दहापट भिंगाखाली ठिपक्यांची छोटी फुलं दिसतात, तीच रोझेट. सपाट दिसणारा गुलाबीसुद्धा तिथे फुटलेला असतो. झालं समाधान? आता गंमत बघा. त्याच मेरिलिनच्या प्रती २५०. सही पेन्सिलीने, पण आकडा मागच्या बाजूला रबरी शिक्क्याने. म्हणजे तुमच्याच उदाहरणात पेन्सिलीचा आकडा नाही!

आता तुमचं ते ‘काय बिघडतं’ हे वाक्य. त्यासाठीच हे उत्तर लिहायला बसलो.

२००९ साली मी एका प्रदर्शनातून १८ हजारांना एक प्रिंट घेतलं. खाली डाव्या कोपऱ्यात ४७/२५०, म्हणजे २५० पैकी सत्तेचाळीसावी प्रत, उजवीकडे सही, दोन्ही पेन्सिलीत. विकणारा सारखा ‘लिमिटेड एडिशन’ म्हणत होता. मी प्रेसमधला माणूस, पण त्या दिवशी भिंग घरी होतं आणि अक्कलही.

घरी आल्यावर आधी सही पाहिली. दिवा बाजूने धरला तर पेन्सिलीचा दाब कागदात उतरलेला, ग्रॅफाइट चकाकत होतं. सही खरी, आकडा खरा. मग चित्र पाहिलं. मूळ चित्र तैलरंगातलं असावं, कारण कॅनव्हासची वीण आणि ब्रशचे फटकारे स्पष्ट दिसत होते. त्याच दिव्याखाली बोट फिरवलं तर कागद गुळगुळीत, वीण नाही की फटकारा नाही. भिंग लावल्यावर ती वीणसुद्धा रोझेटचीच निघाली. आकृतीच्या भोवतीची काळी रेघ तर सलग नव्हतीच, कडेला रंगीत ठिपक्यांची दातेरी झालर. म्हणजे तैलचित्राचा फोटो काढून प्लेट केली, जाडसर आर्ट पेपरवर छापलं आणि शेवटी पेन्सिल फिरवली.

एचिंग, म्हणजे धातूच्या प्लेटवर आम्लाने रेघा कोरून काढलेला छापा, असतं तर कागद ओलसर करून प्लेटसकट दाबाखाली गेला असता, चौकटीचा खड्डा बोटाला लागला असता आणि रेघेवरची शाई किंचित वर उभी राहिली असती. लिथो, म्हणजे दगडावर खडूने चित्र काढून घेतलेला छापा, असता तर कागद सपाटच राहिला असता हे खरं, पण खडूचा दाणा भिंगाखाली वेडावाकडा दिसला असता, ओळीत उभा राहिलेला नाही.

आता सांगा, काय बिघडलं? सही खरी होती, म्हणूनच फसलो. त्या २५० चा अर्थ त्या कलाकाराने दगडावर किंवा प्लेटवर काम करून २५० छापे काढले असा नव्हता. २५० पोस्टरांवर सही केली, एवढाच होता. तसं स्पष्ट सांगून दोन हजारांना विकलं असतं तर मी हसत घेतलं असतं. आकड्यामुळे प्रती किती ते कळतं, छपाई कसली ते कळत नाही. वर तुम्ही मला ‘लोकांना घाबरवू नका’ म्हणता? माझे १८ हजार गेले आहेत, साहेब.

एक भर मात्र घालतो, तुम्ही विचारलेली नसली तरी. रोझेट दिसली नाही म्हणून हुरळूनही जाऊ नका. इंकजेटवर काढलेल्या प्रतीत रोझेट नसते, बारीक फवारा सांडल्यासारखे विखुरलेले कण असतात. कोलोटाइप या जुन्या छपाईतही जाळी नसते, सुरकुतल्यासारखा दाणा असतो, आणि तीही फोटोवरूनच होते.

ऑफसेट म्हणजे लिथोग्राफी या पांडित्याबद्दल काही बोलत नाही. तंत्राच्या नात्याने मान्य, बिलावर ‘लिथो’ छापून विकायला अमान्य. ते इथेच सोडू.

तुमच्याकडे असं एखादं प्रिंट असेल आणि या चर्चेत तेच अडकलं असेल (तसा वास येतो आहे, राग नसावा), तर भिंगाखालचा फोटो पाठवा. सहीचा नको. काळ्या रेघेच्या कडेचा पाठवा.