आभाराचा मेल

मिहानमधल्या एका गोदामात डिस्पॅच सुपरवायझरच्या जागेसाठी मुलाखत देऊन घरी आलो, शर्ट पिळून कूलरसमोर बसलो, तोच ताईने विचारलं, "आभाराचा मेल पाठवला का? चोवीस तासांत गेला पाहिजे."

लग्नात आहेर करणाऱ्याचे आभार मानतात, इतपत मला माहीत आहे. पण तासभर माझा घाम काढणाऱ्याचे? ताई मात्र भरतीच्याच खात्यात नोकरीला आहे. तिच्यापुढे कोण बोलणार!

मन लावून लिहिलं. बी.कॉम., नऊ वर्षांचा अनुभव, मेहनती स्वभाव, सगळं आलं. ताईने वाचलं. "हे काय लिहून राहिलास? बायोडाट्यालाच वरून नमस्कार चिकटवला आहेस. तो तर त्यांच्या टेबलावर पडला आहेच. साहेब कशाने वैतागले होते, ते सांग."

ते बरोबर आठवलं. साहेबांनी पेन आपटून सांगितलं होतं, माल अकराला भरून तयार असतो आणि गाडी दोनपर्यंत फाटकावर उभी. कारण माल रस्त्याने न्यायला लागणाऱ्या ई-वे बिलाचा पार्ट-बी. त्यात गाडीचा नंबर लागतो, ट्रान्सपोर्टर एक नंबर कळवतो आणि गाडी येते दुसरीच. मी तेव्हा नुसतं "हो सर" म्हणून मान हलवली होती.

खरं तर जुन्या नोकरीत हेच दुखणं मी रोज काढायचो. आदल्या संध्याकाळी नंबर आणि ड्रायव्हरचा फोन घ्यायचा, सकाळी गाडी निघताना ड्रायव्हरलाच विचारून नंबर पक्का करायचा. पार्ट-बी मात्र त्यानंतरच भरायचा, कारण बिलाची मुदत तिथून मोजली जाते; रात्रीच भरला तर गाडी उभी आणि मुदत चालू. बायोडाट्यात या सगळ्याचे दोनच शब्द झाले होते: 'डिस्पॅच सांभाळला.'

"हेच लिही," ताई म्हणाली, "पण त्यांची शाळा घेऊ नको." माझं 'आपली पद्धत चुकीची आहे' हे वाक्य तिने तिथल्या तिथे उडवलं. उरला तो मेल असा:

"आज वेळ दिलात, आभारी आहे. फाटकावर थांबणाऱ्या गाड्यांचं आपण सांगितलंत, ते परतताना डोक्यात होतं. आमच्याकडेही हे व्हायचं. संध्याकाळी नंबर घेऊन सकाळी ड्रायव्हरकडून पक्का केला, की आमचा बराचसा खोळंबा टळायचा. आपल्याकडे ट्रान्सपोर्टर किती आहेत, यावर ते कितपत जमेल हे ठरेल. पण असं काम करायला मला आवडेल."

तेवढंच. आडनावाचं स्पेलिंग व्हिजिटिंग कार्डावरून तीनदा पडताळलं, बायोडाटा मुद्दाम जोडला नाही, आणि पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी साहेबांचं उत्तर आलं: "मुद्दा चांगला आहे. सोमवारी या. आणि बायोडाटा परत पाठवा, इथे कुठे सापडत नाही."