सुरमईचा लिलाव आणि 'हळू आवाजात'

लेखक घरी पंख्याखाली बसून लिहितो : 'स्थळ : मालवणचा मासळी लिलाव. नायिका हळू आवाजात म्हणते, मी हे लग्न करणार नाही.' यातलं 'हळू आवाजात' मला निस्तरायचं असतं, कारण मी साउंड रेकॉर्डिस्ट. दिग्दर्शकाचं उत्तर तयार असतं, "डबिंगमध्ये बघू." डबिंगची वेळ येते तेव्हा पैसे संपलेले असतात, आणि नायिका ते वाक्य गारेगार खोलीत म्हणते. ऐकताना कळतं की हिच्या पायाखाली वाळू नाही, गालिचा आहे.

म्हणून जागा पाहायला जायचं ते ज्या वेळी शूटिंग असेल त्याच वेळी. सकाळी धक्का अगदी गुणी बाळ असतो. संध्याकाळी लिलावाची आरडाओरड, किल्ल्यावरून परतणाऱ्या होड्यांची इंजिनं, बर्फ फोडणं आणि रिक्षा हे सगळं एकदम सुरू होतं. हेडफोन लावून मी नुसता बसतो आणि आवाजांची वाटणी करतो. समुद्र सलग वाजतो, त्याला माझी हरकत नाही. प्रत्येक शॉटमध्ये तो सारखाच असतो, त्यामुळे कान त्याला सोडून देतो. शत्रू म्हणजे अवचित आवाज. एका टेकचा अर्धा भाग दुसऱ्या टेकला जोडला की रिक्षाचा हॉर्न मध्येच गुप्त होतो. त्याहून वाईट म्हणजे लाउडस्पीकरवरचं गाणं. नायिकेचं वाक्य सलग राहतं आणि गाणं धृपदावरून थेट तिसऱ्या कडव्यावर उडी मारतं. त्यामुळे माझ्या कामाची पहिली पायरी माइक नसून लाउडस्पीकरच्या मालकाबरोबरचा चहा ही आहे.

दुसरी पायरी अंतराची. माइक तोंडापासून दोन फुटांवर होता तो एका फुटावर आणला, की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो आणि बाजार होता तेवढाच राहतो. त्याचा गोंगाट चहूकडून येतो, त्याला माइक एक फूट सरकल्याचं काय! मग बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, डोक्यावरून खाली रोखायचा, म्हणजे नायिकेच्या मागे माइकला वाळू दिसते. आडवा धरला तर मागे अख्खा लिलाव दिसतो. पण कॅमेरामनला मागे समुद्र, किल्ला आणि आभाळही हवं असतं, आणि माइक काही आभाळात बसवता येत नाही. त्या लांबच्या शॉटसाठी पदराखाली छोटा लेपल माइक चिकटवायचा. त्यात समुद्राऐवजी साडीची सळसळ आणि गळ्यातल्या हाराची किणकिण ऐकू येते. मग हाराच्या मागेही चिकटपट्टी लावावी लागते. नायिका विचारते, "हे सीनसाठी आहे का?" मी गप्प.

तिसरी पायरी माणसांची. कॅमेऱ्याजवळची गिऱ्हाइकं आपली, रोजावर आणलेली. त्यांनी ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. मागचा खरा लिलाव थांबवता येत नाही, आणि थांबवूही नये, मासळी कुणासाठी थांबत नाही. मुकी घासाघीस बघून एक कोळीण शेजारणीला म्हणाली, "ह्येंका काय वारा लागला?"

इतकं करून नायिका वाक्य म्हणते, तर ओरडूनच. तिचा दोष नाही. भोवती गोंगाट असला की माणूस आपोआप चढ्या आवाजात बोलतो; लोंबार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिलंय, लेखकाला कोणी सांगितलेलं नाही. पडद्यावर ते ओरडणं खरं वाटतं, म्हणून मी ते ठेवतो. अडचण पुढे येते. शॉट संपल्याबरोबर, वाक्याची लय तोंडात आहे तोवर, नायिकेला मी माडांमागे उभ्या केलेल्या बंद गाडीत नेतो आणि तीच वाक्यं कॅमेऱ्याशिवाय पुन्हा म्हणवून घेतो. शॉटमधल्या एखाद्या शब्दावर हॉर्न बसला असेल, तर तेवढा शब्द इथून उचलता येतो. पण गाडीत शांतता असते, म्हणून आवाज आपोआप उतरतो आणि ओठांशी जुळत नाही. मग तिच्या कानात हेडफोनमधून तोच बाजार सोडायचा. ती गाडीत बसून पुन्हा ओरडते, "मी हे लग्न करणार नाही!" माडावर चढलेला माणूस खाली उतरून चौकशी करतो.

शेवटी नुसत्या बाजाराचा आवाज घ्यायचा, दोन-तीन मिनिटं सलग. संकलनात वाक्यांमधली भोकं बुजवायला तो लागतो. मी केसाळ वाराकवच चढवलेला माइक उंच धरून म्हणालो, "तुमचं नेहमीसारखं चालू द्या." दिवसभर 'सायलेन्स' ओरडून जे जमलं नव्हतं ते त्या क्षणी जमलं. सगळा लिलाव चिडीचूप, सगळे माइककडे बघतायत. एक म्हातारी वैतागून म्हणाली, "मघाशी गप ऱ्हवा म्हणालास, आता बोला म्हणतंस. एकदा काय ता ठरव."

मग माइक रिकाम्या टोपल्यांमागे लपवला, रेकॉर्डर चालू ठेवला आणि मी लांब जाऊन बसलो. बाजार पूर्ववत झाला. रात्री खोलीवर ऐकलं तर आवाज भरगच्च, उत्तम होता; फक्त टोपल्यांशेजारी बसलेल्या दोघी माझ्याबद्दल बोलत होत्या. माझा पगार किती असेल, घरी बायको असेल का, आणि असली तर ती माझं काय ऐकत असेल. दिवसभरात इतका स्वच्छ संवाद दुसरा मिळाला नव्हता, आणि तोही हळू आवाजात.