चादर टाकून फिशटँक वाचत नाही

"घरात फवारणीवाले येणार असतील तर घाबरू नका. फिशटँकवर चादर टाका, हवेचा पंप चालू ठेवा. पक्ष्यांचा पिंजरा छपरीत टांगा, कासव टबातच राहू द्या. औषध फुलांपासून बनतं, प्राण्यांना काही होत नाही. वास गेला की सगळं पहिल्यासारखं करा."

असा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. पहिले औषधाचंच पाहू. गडचिरोलीकडच्या गावांत मलेरियासाठी भिंतींवर फवारतात त्यात डेल्टामेथ्रिन नेहमीचं. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलातून पायरेथ्रम निघतं, हे खरं. पण डेल्टामेथ्रिन त्याच्या धर्तीवर कारखान्यात बनवलेलं रसायन आहे, आणि ते लवकर विरू नये, भिंतीवर टिकावं, असंच घडवलेलं आहे. तसंही फुलातल्या पायरेथ्रमनंसुद्धा मासे मरतात. माणसाच्या, गाईच्या, कोंबडीच्या शरीरात हे औषध बऱ्यापैकी लवकर मोडतं. माशाच्या शरीरात ते मोडायला फार वेळ लागतो, आणि पाण्यातलं औषध कल्ल्यांतून थेट रक्तात जातं.

किती औषध पुरतं, याचा हिशोब करून बघा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत साधारण 50 लिटर पाणी असतं. लिटरमागे 1 मायक्रोग्रॅमच्या आसपास डेल्टामेथ्रिन असलं तरी कित्येक जातींचे निम्मे मासे चार दिवसांत मरतात. म्हणजे अख्ख्या टाकीला 50 मायक्रोग्रॅम झाले. भिंतीवर फवारायचं प्रमाण आहे चौरस मीटरला 20 मिलिग्रॅम. त्या हिशोबानं भिंतीच्या पाच सेंटिमीटर लांब-रुंद तुकड्यावर जेवढं औषध बसतं, तेवढंच ते 50 मायक्रोग्रॅम. काही औषध खड्यांना आणि काचेला चिकटून राहतं, म्हणून आकडा थोडा मागेपुढे होईल. पण काडेपेटीहून थोड्याशाच मोठ्या जागेवरचं औषध टाकीत जाऊ द्यायचं नाही, हे काम चादरीच्या आवाक्यातलं नाही. सुती कापडातून बारीक तुषार आत जातात, आणि कापड ओलं झालं की ते पाण्यावरच लोंबतं.

पंपाचं तर उलटंच आहे. हवेचा पंप ज्या खोलीत ठेवला असेल त्याच खोलीतली हवा ओढतो आणि बुडबुडे करून पाण्यात सोडतो. खोलीत तुषार तरंगत असताना तो चालू ठेवला, तर फवारा आपणच नळीनं टाकीत सोडल्यासारखं होतं. आमच्या शेजारच्या पोरानं दोन वर्षांपूर्वी हेच केलं. टाकीवर घडी करून दुहेरी चादर होती, पंप वर कपाटावर गुरगुरत होता. संध्याकाळी तो मला बोलवायला आला, तेव्हा मॉली मासे कोपऱ्यात गोल गोल फिरत होते, मधेच झटका बसल्यासारखे काचेवर आपटत होते. गोल्डफिश आडवा पडून वरच्या थराला तोंड उघडत होता. सकाळपर्यंत आठातला एकच राहिला. फवारणाऱ्यांपैकी कोणी टाकीकडे पाहून पंप बंद करायला सांगितलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढच्या फेरीला आम्ही दोघांनी मिळून टाकी झाकली. आदल्या दिवसापासून माशांना खायला दिलं नाही. पोट रिकामं असलं की मासे पाणी कमी घाण करतात, त्यांना हवाही कमी लागते. ड्रममध्ये पाणी भरून, घट्ट झाकून मागच्या खोलीत ठेवलं. फवारणीवाले गल्लीत दिसले तसा पंप बंद केला, नळी वर काढून घेतली. टाकीवर जाड प्लास्टिक कागद टाकून चारी बाजूंनी काचेला चिकटपट्टी लावली, कुठे फट ठेवली नाही. पाण्यात बुडालेला फिल्टर चालू राहू दिला, कारण तो फक्त पाणी फिरवतो. त्याची हवा ओढणारी बारीक नळी असेल तर ती आधी बंद करायची. मासे थोडे असले तर पाणी आणि कागद यांच्यामधल्या हवेवर ते काही तास काढतात. टाकीत गर्दी असली तर पंप दुसऱ्या, न फवारलेल्या खोलीत ठेवून लांब नळीनं हवा द्यावी. फवारणीनंतर दारं-खिडक्या उघडून दोन-तीन तास घर मोकळं सोडलं. मग काच बाहेरून ओल्या फडक्यानं पुसली, कागद आतल्या बाजूला गुंडाळत काढला, हात साबणानं धुतले आणि शेवटी पंप लावला. हात धुवायचं विसरू नका. औषध लागलेल्या हातानं कागद काढून तोच हात टाकीत घातला, तर एवढी मेहनत फुकट जाते.

वासावर भरवसा ठेवू नका. डेल्टामेथ्रिनला स्वतःचा वास जवळजवळ नाही. वास येतो तो बऱ्याचदा द्रावकाचा, आणि तो उडून गेला तरी औषध भिंतीवर कित्येक आठवडे राहतं. म्हणून टाकीच्या मागची भिंत नंतर घासायचीही नाही, पुसायचीही नाही, आणि त्या भिंतीला टेकलेली जाळी धुतल्याशिवाय पाण्यात बुडवायची नाही.

पक्ष्यांना भिंतीवरचं डेल्टामेथ्रिन माशांइतकं घातक नाही. त्यांना त्रास होतो तो तुषारांचा आणि धुराचा. पक्ष्याच्या फुप्फुसाला हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, त्यामुळे हवेत जे तरंगतं ते त्याच्या अंगात खोलवर जातं. गल्लीत धूर मारणारं मशीन आलं की छपरी म्हणजे धुराच्या तोंडाशी बसण्याची जागा. फवारणीच्या आधीच पिंजरा वाऱ्याच्या वरच्या अंगाच्या घरी नेऊन ठेवा, दाणा-पाणी सोबत द्या. मे महिन्यात पिंजऱ्यावर प्लास्टिक कधीच टाकू नका. आपल्याकडच्या उन्हात पक्षी औषधाआधी उष्म्यानंच मरेल. कूलरचंही तसंच आहे. तो बाहेरची हवा ओढतो, म्हणजे धूर गल्लीत आणि पक्षी आत असले तरी कूलर तो धूर आत आणतो. मशीनचा आवाज आला की कूलर बंद करा.

लाल कानाचं कासव पाळलं असेल तर त्याला झाकणाला भोकं पाडलेल्या बादलीत, थोड्या स्वच्छ पाण्यासह दुसऱ्या घरी न्या. तो थंड रक्ताचा जीव, त्याच्या शरीरात औषध हळू मोडतं, आणि टबातलं पाणी तो पितोही. टब रिकामा करून पालथा घाला. त्याचा ऊन खायचा दगड परत आणण्याआधी धुऊन घ्या.

कपाशीला मारून उरलेलं औषध ढेकणांसाठी घरात फवारणारेही आहेत. त्यात प्रोफेनोफॉस असलं, तर वरचं सगळं झाकणं कमी पडतं. ते पक्ष्यालाही मारतं, माणसालाही. ते घरात आणूच नका.

एवढं करूनही मासे झटके देऊ लागले, तिरके पोहू लागले, तर वाट पाहू नका. पंप दुसऱ्या खोलीत नेऊन लांब नळीनं हवा सोडा, निम्मं पाणी काढा आणि आधी झाकून ठेवलेल्या ड्रममधलं पाणी घाला. फिल्टरमध्ये ताजा कोळसा घाला, म्हणजे माशांच्या दुकानात मिळतो तो कार्बन, चुलीतला नव्हे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच पाणी बदला. टाकीत झिंगे असतील तर त्यांच्यावर आधी लक्ष ठेवा, कारण ते माशांच्याही अगोदर लुळे पडतात.