नावापुढे अक्षरं लावा, ग्रॅच्युइटी कोणीतरी काढेलच

एचआरमध्ये नोकरी हवी आहे? मग आधी नावापुढे शेपूट लावा. शनिवार-रविवारच्या ऑनलाइन वर्गातलं ‘मास्टर’ प्रमाणपत्र उत्तम. परीक्षा असेल तिकडे चुकूनही फिरकू नका.

त्याहून वजनदार काही हवं असेल तर पुण्यात बसून एचआरसीआय या अमेरिकी संस्थेची पीएचआर परीक्षा द्या. तिच्यात अमेरिकेचे कामगार कायदे विचारतात, पण चाकणच्या कारखान्यात त्याने काय बिघडतं? अमेरिकेबाहेरच्यांसाठी त्याच संस्थेची पीएचआरआय आहे, पण एवढं वाचत कोण बसतं!

दर तीन वर्षांनी 60 क्रेडिट मिळवून प्रमाणपत्राचं नूतनीकरण करावं लागतं, हे विसरून जा. मुदत संपली तरी अक्षरं काही आपोआप खोडली जात नाहीत.

मुलाखतीत आत्मविश्वास ठेवा. परवा आमच्याकडे एक गृहस्थ आले, नावापुढे चार प्रमाणपत्रं आणि अर्जात ‘पेरोल तज्ज्ञ’. मी साधं गणित घातलं. एका माणसाने राजीनामा दिला, नोकरी 7 वर्षं 8 महिने, ग्रॅच्युइटीसाठी धरायचा पगार 26,000, किती द्यायचे? साहेबांनी पगाराला 30 ने भागलं, 15 ने गुणलं, वर्षं सात धरली आणि 91,000 सांगून मोकळे झाले. अहो, भागायचं 26 ने! शिवाय वरचे महिने सहापेक्षा जास्त, म्हणजे वर्षं आठ. 15,000 गुणिले 8, म्हणजे 1,20,000. त्या माणसाचे 29,000 रुपये यांनी आमच्यासमोर, हसत हसत बुडवले! वर मलाच विचारतात, “हे सॉफ्टवेअर काढत नाही का?” काढतं ना. पण त्यात चुकीचा आकडा भरणारा तूच असतोस, बाबा.

प्रमाणपत्राची लिंक मागितली तर ‘मेल करतो’ म्हणा.

पुरे झालं. सरळ सांगतो. आम्ही अक्षरं मोजत नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या नोंदीत तुमचं नाव सापडतं का, परीक्षा कोणाच्या देखरेखीखाली झाली, मुदत चालू आहे का, एवढं पाच मिनिटांत कळतं. मग एकच प्रश्न उरतो: हे शिकल्यावर कामात काय बदललंत? ज्याने खरंच काही केलंय तो एखादं प्रकरण सांगतो, कुठे अडलं तेही सांगतो. बाकीचे अभ्यासक्रमाची अनुक्रमणिका म्हणून दाखवतात.

दुसऱ्या खात्यातून एचआरमध्ये येणाऱ्याला किंवा अमेरिकी कंपनीच्या इथल्या कार्यालयात जाणाऱ्याला एसएचआरएम-सीपीसारखी परीक्षा उपयोगी पडते. निदान पुस्तक उघडल्याचा पुरावा मिळतो. दहा वर्षं पेरोल, पीएफ, युनियन सांभाळलेल्या बाईंना मात्र ‘प्रमाणपत्र नाही’ म्हणून पहिल्याच चाळणीत उडवणाऱ्या साहेबांनो, लाज वाटू द्या. जाहिरातीत ‘सर्टिफिकेशन आवश्यक’ लिहिता तेव्हा कोणतं आणि कशासाठी, हे विचारलं तर तुम्हालाही सांगता येत नाही. आधी ती ओळ काढा.