शंभर मीटर, दोन कोन आणि डोंगराची उंची

«डोंगराची उंची काढायला वर चढायची गरज नाही. मोबाइलमध्ये कोन दाखवणारं ॲप उघडा, शेंड्याचा कोन मोजा, शंभर मीटर सरळ डोंगराकडे चाला, पुन्हा मोजा. दोन्ही कोन आणि अंतर सूत्रात घाला, नेमकी उंची हातात! अंतर किती घ्यायचं हे महत्त्वाचं नाही, कारण सूत्रात ते धरलेलंच आहे. जमीन जराशी चढती असली तरी बिघडत नाही. दोन मोजमापं पुरेशी आहेत.»

असा सल्ला सर्रास दिला जातो. त्यातल्या सूत्राबद्दल माझी काहीच तक्रार नाही. ते बरोबर आहे आणि सुंदरही आहे, कारण डोंगराच्या पोटात, शेंड्याच्या बरोबर खाली असलेल्या बिंदूपर्यंत टेप कधीच नेता येत नाही. तो न गाठता येणारा पल्ला दुसऱ्या कोनामुळे गणितातून निघून जातो. A हा लांबून मोजलेला उन्नत कोन, B हा जवळून मोजलेला, d हे दोन ठिकाणांमधलं आडवं अंतर, म्हणजे आधाररेषेची लांबी, आणि h ही डोळ्याच्या पातळीपासून शेंड्याची उंची, असं धरलं तर:

```
h = d × tan(A) × tan(B) / (tan(B) − tan(A))
```

पुढच्या सगळ्या बोलण्यासाठी एकच डोंगर घेऊ. त्याचा शेंडा आपल्या डोळ्यापेक्षा ३०० मीटर उंच आहे आणि आपण शेंड्याच्या खालच्या बिंदूपासून आडव्या रेषेत १५०० मीटरवर उभे आहोत. इथून उन्नत कोन ११.३१ अंश येतो आणि त्याचा टॅन ०.२. शंभर मीटर पुढे गेलो की कोन १२.०९ अंश होतो, टॅन ०.२१४३. सूत्रात घातलं की बरोबर ३०० मीटर येतात. कागदावर सगळं जुळतं.

आता छेदाकडे बघा. तिथे दोन टॅनची वजाबाकी आहे, ०.२१४३ वजा ०.२, म्हणजे फक्त ०.०१४३. कोनांतला फरक पाऊण अंशाच्या आसपास आहे आणि सगळी उंची त्या एवढ्याशा फरकावर उभी आहे. ॲप पूर्ण अंशच दाखवत असेल तर तुम्हाला ११ आणि १२ दिसतील. हे दोन आकडे सूत्रात घातले की उंची २२७ मीटर येते. गणित कुठेही चुकलेलं नाही, तरी तीनशेच्या डोंगरातले त्र्याहत्तर मीटर नाहीसे झाले.

ॲप एक दशांश अंश दाखवतं असं म्हणा. हातात धरलेल्या फोनने एक दशांश अंशाइतकं खात्रीने मोजता येणं हीच मोठी गोष्ट आहे, पण तेही मान्य करू. जवळचा कोन ०.१ अंशाने जास्त वाचला गेला तर उंची २६८ मीटर येते, तेवढाच कमी वाचला गेला तर ३४१. आणि ही फक्त एका कोनातली चूक झाली. थिओडोलाइट या भूमापनाच्या कोनमापकाने २० सेकंदांपर्यंत, म्हणजे अंशाच्या एकशेऐंशीव्या भागापर्यंत, वाचन घेणाऱ्यालासुद्धा या शंभर मीटरच्या आधाररेषेवर, एका कोनात तेवढी चूक झाली तर, दोनेक मीटरचा फटका बसतो. एवढं चांगलं उपकरण असून दोन मीटर जातात, ते केवळ आधाररेषा आखूड म्हणून.

आता शंभरऐवजी ७०० मीटर पुढे जाऊ. डोंगर तोच, पहिलं ठिकाण तेच. जवळचा कोन आता २०.५६ अंश, टॅन ०.३७५, म्हणजे छेदात ०.१७५ येतो, आधीच्या बारा पटींहून जास्त. जवळच्या कोनात ०.१ अंशाची चूक केली तर उंची दोन मीटरनेही हलत नाही. लांबच्या कोनात तेवढीच चूक केली तर सुमारे सहा मीटर हलते, आणि दोन्ही चुका उलट्या दिशांना झाल्या तर जास्तीत जास्त आठेक मीटर. उपकरण तेच, हात तोच, सूत्र तेच. बदललं ते फक्त अंतर. म्हणून जागा निवडताना पहिला प्रश्न हाच हवा: दोन कोन एकमेकांपासून किती दूर पडतील? जवळचा कोन लांबच्या कोनाच्या दुप्पट होईल इतकं चालायची तयारी ठेवा.

ही अडचण फोनमुळे आलेली नाही. तिसऱ्या शतकातल्या लिउ हुई या चिनी गणितज्ञाने समुद्रातल्या बेटाची उंची अशाच रीतीने काढून दाखवली आहे. कोनांऐवजी त्याने पाच पावलं उंचीच्या दोन काठ्या एकमेकींपासून १००० पावलांवर, बेटाच्या रेषेत उभ्या केल्या. प्रत्येक काठीपासून किती मागे सरकून जमिनीलगत डोळा टेकवला की काठीचं टोक आणि शिखर एका रेषेत दिसतात, ते त्याने मोजलं: एकीकडे १२३ पावलं, दुसरीकडे १२७. पाच गुणिले हजार, भागिले चार, त्यात काठीची पाच पावलं मिळवली की १२५५ पावलं. त्या भाजकातल्या चाराकडे लक्ष द्या. मागे सरकताना एक पाऊल चुकलं आणि फरक तीन किंवा पाच आला, तर उत्तर सुमारे १६७२ किंवा १००५ पावलं येतं. हजार पावलांची आधाररेषा ऐकायला लांब वाटते, पण बेट त्यामानाने फार दूर होतं.

एक गोष्ट मात्र दिलासा देणारी आहे. फोनचा शून्यच सरकलेला असेल, म्हणजे तो प्रत्येक कोन ०.१ अंशाने जास्त दाखवत असेल, तर कोनांतला फरक तसाच राहतो. शंभर मीटरच्या उदाहरणातही मग उंची ३०५ येते, ३४१ नाही. जास्त नुकसान होतं ते दोन वाचनं एकमेकांपेक्षा वेगळी चुकल्याने. म्हणून दोन्ही ठिकाणी फोन त्याच कडेने, त्याच पद्धतीने, तिवईला टेकवून धरावा आणि पाच-पाच वाचनं घेऊन सरासरी काढावी.

जमिनीच्या चढाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण इथे चूक डोळ्याला दिसत नाही. बहुतेकांना वाटतं की चढावर चालल्यामुळे मोजलेलं अंतर जरा जास्त भरतं, तेवढाच काय तो फरक. ते खरंच नगण्य आहे. ७०० मीटरांत २० मीटर चढ असेल तर चढावरचं अंतर ७००.३ मीटर भरतं. खरी गडबड वेगळीच आहे. दुसरं ठिकाण २० मीटर वर गेल्यामुळे तिथून शेंडा फक्त २८० मीटर उंच उरतो आणि जवळच्या कोनाचा टॅन ०.३७५ ऐवजी ०.३५ येतो. साधं सूत्र हे दोन्ही कोन एकाच पातळीवरून घेतले असं समजतं आणि ३२७ मीटर सांगतं. वीस मीटर वर चढलो म्हणून उत्तर कमी यायला हवं असं वाटतं, प्रत्यक्षात ते सत्तावीस मीटरने वाढतं. आखूड आधाररेषेवर तर हे आणखी वाईट. शंभर मीटरांत तीन मीटर चढ चालताना जाणवतही नाही, पण त्याने ३०० चे ३४९ होतात.

यावर उपाय अवघड नाही. दोन ठिकाणांच्या पातळीतला फरक e वेगळा मोजायचा आणि सूत्र थोडं बदलायचं:

```
h = tan(A) × (d × tan(B) − e) / (tan(B) − tan(A))
```

आपल्या आकड्यांनी करून बघा. ७०० गुणिले ०.३५ म्हणजे २४५, त्यातून २० गेले की २२५. गुणिले ०.२, भागिले ०.१५, बरोबर ३००. e मोजायला लेव्हल, म्हणजे पातळी मोजायचं भूमापनाचं उपकरण, हातात असेल तर उत्तमच. नसेल तर पहिल्या ठिकाणी तुमच्या डोळ्याच्या उंचीवर खूण केलेली काठी उभी करा आणि दुसऱ्या ठिकाणाहून त्या खुणेचा अवनत कोन मोजा. ७०० मीटर गुणिले त्या कोनाचा टॅन हाच e. इथे ०.१ अंश चुकला तरी e मध्ये सव्वा मीटरच जातो.

सरळ चालण्याची अट मात्र वाटते तेवढी कडक नाही. ७०० मीटर चालताना दिशा ५ अंशांनी भरकटली तरी उत्तर ३०२ येतं. १५ अंशांनी भरकटली तर ३२०. मध्ये नदी किंवा कुंपण असेल तर डोंगराकडे चालायचा हट्ट सोडून बाजूला जाणारी आधाररेषा घ्यावी, तिच्या दोन्ही टोकांवर आडवे कोनही मोजावेत आणि साइनच्या नियमाने आधी अंतर काढावं. भूमापनातली नेहमीची पद्धत हीच.

दोन मोजमापांच्या बाबतीत खरी अडचण अशी की दोन कोनांतून एक उंची नेहमीच निघते, मग ते कोन बरोबर असोत की चूक. आपण चुकलो हे कळायला काहीच शिल्लक राहत नाही. म्हणून मध्ये, समजा ४०० मीटरवर, तिसरा कोन घ्या आणि जोड्या लावा: पहिला-मधला, पहिला-शेवटचा, मधला-शेवटचा. सपाट जमिनीवर तिन्ही उत्तरं जवळजवळ सारखी यायला हवीत. वरच्या चढाच्या उदाहरणात, चढ सारखा असेल तर, साध्या सूत्राने ती ३३७, ३२७ आणि ३१४ येतात. इतकी फाकलेली उत्तरं दिसली की कुठेतरी पातळी बदलली आहे किंवा एखादा कोन फसला आहे, हे समजायला हरकत नाही.

फसण्याचं आणखी एक कारण म्हणजे डोंगराचा खांदा. आपल्या डोंगराला शेंड्याच्या ३०० मीटर अलीकडे २३० मीटर उंचीचा एक उंचवटा आहे असं समजा. लांबून शेंडा त्याच्या जेमतेम वर डोकावतो. ७०० मीटर पुढे गेल्यावर मात्र तो उंचवटाच शेंडा झाकून टाकतो आणि आकाशाला टेकलेलं टोक म्हणून आपण त्याचाच कोन घेतो. उत्तर येतं २४८, जी ना शेंड्याची उंची, ना खांद्याची. लांबून बघतानाच शेंड्यावरचं एखादं झाड किंवा खडक हेरून ठेवा. दुसऱ्या ठिकाणाहून तीच खूण दिसत नसेल तर तिथून मोजू नका, मागे या.

आणि मिळालेला आकडा कशापासूनची उंची सांगतो? पहिल्या ठिकाणच्या डोळ्याच्या पातळीपासूनची. जमिनीपासून हवी असेल तर डोळ्याची उंची मिळवावी लागते; समुद्रसपाटीपासून हवी असेल तर त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची आधी माहीत हवी. पृथ्वीच्या गोलाईची आणि हवेत प्रकाश वाकण्याची भर दीड किलोमीटरवर पंधरा सेंटिमीटरच्या आसपास असते, ती सोडून द्या. पंधरा किलोमीटरवरून मोजत असाल तर ती पंधरा मीटरच्या आसपास जाते, आणि तिथे ती धरावीच लागते.

आपल्या डोंगराचं उत्तर लिहायचं झालं तर, ७०० मीटरची आधाररेषा, पातळीतला फरक मोजलेला आणि ०.१ अंशापर्यंतचे कोन एवढ्यावर मी «पहिल्या ठिकाणच्या डोळ्याच्या पातळीपासून ३०० मीटर, आठ-दहा मीटर इकडेतिकडे» असं लिहीन. शंभर मीटरवरून फोनने काढलेल्या आकड्यापुढे मी उंची म्हणून काहीच लिहिणार नाही.