तेवीस नोंदी, सात दिवस

> मी बारा वर्षं क्लायंटच्या बाजूने बसतोय. तुम्ही सांगता तशी पत्रं आम्हाला नेहमी येतात. सोबत ट्रॅकरमधून काढलेली एक्सेल, खाली दिवसांची बेरीज. निम्मे त्यांचेच बग असतात, काही टिकिटं आम्ही कधी पाहिलेलीच नसतात. टिकीट व्हेंडरने टाकायचं, अंदाज त्यानेच लावायचा आणि वर त्यालाच पुरावा म्हणायचं? तुमच्या नमुना पत्रातही २६ दिवसांची सरळ बेरीजच आहे.

सॉफ्टवेअरच्या कामात मधेच बदल आले की क्लायंटकडे मुदतवाढ मागायचं पत्र कसं लिहायचं, या माझ्या लेखावरची तुमची ही प्रतिक्रिया. त्यातला बेरजेबद्दलचा आक्षेप मान्य, अगदी बिनशर्त. लेखात दिलं ते पत्र म्हणजे माझा पहिला मसुदा होता. आमच्या प्रोजेक्ट मॅनेजर बाईंनी तो अडवला आणि प्रत्यक्ष गेलेल्या पत्रात आम्ही सातच दिवस मागितले. लेखात मी मसुदा टाकला कारण तो वाचायला सोपा होता. तो आळस होता. २६ चे ७ कसे झाले तेच आता सांगतो, तुमच्या बाकी प्रश्नांची उत्तरं त्यातच येतील.

काम एका दूध संघाचं. संकलन केंद्रावर दूध मोजायचं, फॅट आणि एसएनएफवरून दर काढायचा, दर दहा दिवसांनी शेतकऱ्याचं बिल करायचं. यूएटीसाठी, म्हणजे संघाने स्वतः वापरून तपासण्यासाठी, बिल्ड द्यायची तारीख २८ फेब्रुवारी २०२५. पत्र लिहायला बसलो तेव्हा ट्रॅकरमध्ये चेंज रिक्वेस्ट, म्हणजे क्लायंटने मधेच मागितलेला बदल, म्हणून २३ नोंदी होत्या.

पहिल्या चाळणीत ८ गेल्या. तुम्ही म्हणता तेच, आमचे बग. काही तर मूळ स्पेसिफिकेशनमध्ये स्पष्ट लिहिलेलं आणि आम्ही विसरलेलं काम होतं. त्यातल्या दोन नोंदी आधी बग म्हणून टाकलेल्या आणि नंतर कुणीतरी प्रकार बदलून चेंज रिक्वेस्ट केलेल्या. हे पकडायची युक्ती तुमच्याही कामाची आहे. जिरात, म्हणजे आमच्या ट्रॅकरमध्ये, प्रकार बदलल्याची नोंद टिकिटाच्या `History` मध्ये राहते, पण शोधून काढता येत नाही, कारण `CHANGED` हा शब्द `status`, `assignee` अशा मोजक्याच रकान्यांवर चालतो, `issuetype` वर चालत नाही. म्हणजे एकेक टिकीट उघडून बघायचं. एक्सेलवर तर विसंबूच नका. त्यात आजची स्थिती दिसते, तिथपर्यंतचा प्रवास दिसत नाही. व्हेंडरकडून यादीऐवजी ट्रॅकरचा वाचनाधिकार मागा.

दुसऱ्या चाळणीत आणखी ४ गेल्या. त्या तुमच्यासारख्या कुणीतरी मागितल्या होत्या, पण मंजूर केलेल्या नव्हत्या. मंजुरी नसलेल्या बदलासाठी दिवस मागणं म्हणजे न झालेल्या लग्नाचा आहेर मागणं. उरल्या ११. त्या जिराला विचारलेल्या या प्रश्नातून निघाल्या:

```
project = DUDH AND issuetype = "Change Request"
AND status CHANGED TO "Approved" BEFORE "2025-02-14"
ORDER BY created ASC
```

या ११ नोंदींचे मिळून २६ दिवस. इथे माझा मसुदा थांबला होता, आणि इथेच तो चुकला होता. ते २६ दिवस माणसांच्या श्रमाचे होते, कॅलेंडरचे नव्हते. पावतीवर संघाचं बोधचिन्ह, सचिवांसाठी एक वेगळा अहवाल, केंद्रांची नावं मराठीत, असली कामं ज्या दोघांकडे होती त्यांच्या हातात तसाही मोकळा वेळ होता. ती झाली म्हणून २८ फेब्रुवारी एक दिवसही हलली नाही. श्रमाचे पैसे मागता येतील, ते आम्ही वेगळ्या पत्राने मागितले. मुदतीच्या पत्रात त्यांना जागा नाही.

तारीख अडकली होती ती बिलिंगमध्ये, कारण बिलिंग झाल्याशिवाय यूएटी सुरूच होत नव्हती. तिथे एकच बदल आला. मूळ ठरलं होतं गाईसाठी एक दरपत्रक आणि म्हशीसाठी एक. ६ जानेवारीला मागणी आली की प्रत्येक केंद्राचं दरपत्रक वेगळं हवं आणि ते कोणत्या तारखेपासून लागू तेही हवं. ऐकायला किरकोळ. पण दहा दिवसांच्या बिलात मधेच दर बदलला की बिल दोन तुकड्यांत करावं लागतं, आणि आधी तपासून झालेली सगळी बिलं पुन्हा तपासावी लागतात. लिहायला ५ दिवस, फेरतपासणीला २.

मंजुरीचा उशीरही होता. अंदाज आम्ही ७ जानेवारीला पाठवला. करारात उत्तराला तीन कामाचे दिवस होते, म्हणजे १० तारखेपर्यंत. मंजुरी आली २० ला. सहा कामाचे दिवस हातातून गेले, असं म्हणायचा मोह होतो. पण त्यातले चार दिवस डेव्हलपरने पुढचं काम ओढून घेतलं होतं. उरलेले दोन दिवस तो तापाने घरी होता. मंजुरी वेळेवर आली असती तरी ते दोन दिवस वायाच गेले असते. सोडून दिले. राहिले सात, म्हणून ११ मार्च.

पत्रातला मुख्य परिच्छेद असा होता:

"आपण २० जानेवारी रोजी मंजूर केलेल्या केंद्रनिहाय दरपत्रकाच्या बदलामुळे (DUDH-141) बिलिंगच्या कामात पाच आणि फेरतपासणीत दोन कामाचे दिवस वाढले आहेत. हे काम यूएटीच्या आधी पूर्ण होणे आवश्यक असल्याने यूएटी बिल्डची तारीख २८ फेब्रुवारीऐवजी ११ मार्च २०२५ करावी, ही विनंती. इतर दहा मंजूर बदलांसाठी मुदतवाढ मागत नाही. मंजुरीच्या काळातील दोन दिवस आमच्याकडील अनुपस्थितीमुळेही गेले असल्याने ते यात धरलेले नाहीत."

शेवटची दोन वाक्यं आमच्या मालकांना नको होती. ती काढू दिली नाहीत, कारण संघाच्या माणसाने तपासली असती तर ती त्यालाच सापडली असती.

"आम्ही पाहिलेलीच नसतात" हा तुमचा मुद्दा मात्र पत्राच्या दिवशी सुटत नाही. टिकीट टाकलं म्हणजे कळवलं असं होत नाही. त्याचा आपोआप गेलेला मेल कुणाच्या कुठल्या फोल्डरमध्ये पडतो कोण जाणे. आम्ही बदल नोंदवला त्याच दिवशी करारात नाव असलेल्या माणसाला दोन ओळींचा वेगळा मेल करतो: बदल काय, आणि तारीख हलेल की नाही. अजून माहीत नसेल तर कधीपर्यंत सांगू ते. DUDH-141 चा असा मेल ७ जानेवारीलाच गेला होता, म्हणून फेब्रुवारीतल्या पत्राने कुणी दचकलं नाही.

आता एक गोष्ट तुमच्या बाजूची. पत्र आलं आणि तुम्ही गप्प बसलात, तर मुदत वाढली असं होत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ६३ प्रमाणे मुदत वाढवून देणं हे ज्याला काम करून मिळायचं आहे त्याच्या हातात असतं. पण वेळ हा कराराचा गाभा असताना उशिराचं काम तुम्ही मुकाट्याने स्वीकारलंत, तर कलम ५५ प्रमाणे त्या उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही; ती मागणार असल्याचं स्वीकारतानाच कळवावं लागतं. तेव्हा पत्र पोकळ वाटलं तर फाईलला लावून ठेवू नका. कोणती नोंद मान्य, कोणती नाही आणि का, हे टिकिटाच्या क्रमांकासह लेखी कळवा. संघाने आमच्या सातपैकी सहा दिवस दिले. फेरतपासणीला एकच दिवस पुरेल असं त्यांचं म्हणणं होतं, आणि १० मार्चला बिल्ड गेली.

लेखातलं नमुना पत्र आज बदलतो.