"पार्श्वभूमी कोण वाचतं?"

"प्रकल्प अहवालातली पार्श्वभूमी कोणी वाचत नाही. मंजूर प्रस्तावातला मजकूर उचला, गावाची लोकसंख्या आणि पर्जन्यमान टाका, आणि सरळ कामांकडे वळा. वाचणाऱ्यांना योजना ठाऊकच असते."

हा सल्ला मला पटत नाही. पाणलोटाच्या कामांचे अहवाल लिहिण्यात आणि तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून उदाहरणं तिथलीच देतो.

न वाचण्याबद्दल आधी. सरपंच, शाखा अभियंता, संस्थेचा कार्यकर्ता हे लोक ते पान उलटतात हे खरंच आहे. ते कामावर हजर होते, त्यांना कशाला हवी पार्श्वभूमी? पण तीन वर्षांनी तीच फाइल बदलून आलेल्या अधिकाऱ्याच्या किंवा बाहेरून आलेल्या मूल्यमापकाच्या हातात पडते. तो पहिल्या पानापासून वाचत नाही. निष्कर्षांचा तक्ता उघडतो, एका आकड्यापाशी अडतो आणि मग मागे येतो. तिथे त्याला मिळतं काय, तर तालुक्यापासूनचं अंतर आणि ग्रामदैवताची यात्रा.

समजा तक्त्यात लिहिलंय, "विहिरींची पाणीपातळी सरासरी 2 मीटरने वाढली." परक्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, मोजली कधी? आधीची नोंद मे महिन्यातली आणि नंतरची ऑक्टोबरमधली असेल, तर मध्ये पावसाळा गेला. एक दगडही न रचता पातळी वर आलीच असती. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा ठरलेल्या महिन्यांत मोजते ती यासाठीच. बरं, दोन्ही नोंदी मे महिन्यातल्या आहेत असं धरू. पण पहिल्या नोंदीआधीच्या पावसाळ्यात 350 मिमी पडला असेल आणि दुसरीआधीच्या पावसाळ्यात 650, तर ते 2 मीटर बंधाऱ्यांचे की ढगांचे?

याचं उत्तर पार्श्वभूमीत असायला हवं. पहिली मोजणी कोणत्या महिन्यात झाली, त्याआधीचा पाऊस जवळच्या पर्जन्यमापकावर किती होता, विहिरी किती आणि नाल्याच्या कोणत्या अंगाला. शिवाय कामाच्या प्रभावाबाहेरच्या एक-दोन विहिरी मोजल्या असतील तर त्याही. बाहेरची विहीर त्याच काळात दीड मीटर वर आली असेल, तर कामाच्या पदरात अर्धा मीटरच पडतो. तोही अंदाजानेच, कारण आपल्या काळ्या पाषाणात भेगा जिथे असतील तिथेच पाणी, आणि शेजारशेजारच्या दोन विहिरीसुद्धा सारख्या वागत नाहीत. उपसाही सारखा नसतो. हे आधीच लिहून ठेवलं की मूल्यमापक आकड्यावर संशय घेत बसत नाही.

नुसतं "सरासरी पर्जन्यमान 520 मिमी" टाकून यातलं काहीच कळत नाही. तिथे पाहिजे असतो त्या-त्या वर्षाचा पाऊस. लोकसंख्येचंही तसंच. निष्कर्षात दरडोई पाण्याचा हिशेब असेल तर ती ठेवा, नाहीतर काढून टाका. साक्षरतेचं प्रमाण मी डोळे झाकून खोडतो.

आता प्रस्तावातल्या उचलेगिरीबद्दल. प्रस्ताव पैसे मिळवायला लिहिलेला असतो, म्हणून त्यात टंचाई जरा गडद आणि आराखडा एकदम सरळ असतो. प्रत्यक्षात बारा सिमेंट नालाबांध ठरले, नऊ झाले. दोन ठिकाणी जमीनमालकांनी नकार दिला, एका ठिकाणी पायाला कठीण खडक लागलाच नाही. हे पार्श्वभूमीत न आल्यामुळे बाहेरचा वाचक तीन बांध शोधत शिवारभर हिंडतो, आणि मग त्याच्या मनात नको ते येतं. उचललेला मजकूर ओळखायलाही सोपा असतो: काम संपून वर्ष झालेलं असतं आणि अहवालात अजून "करण्यात येईल" चालू असतं.

योजना ठाऊक असते, पण योजनेची भाषा असतेच असं नाही. "24 टीसीएम साठा" हे अभियंत्याला पुरतं. लेखा विभागाला एकदाच सांगा की 1 टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, म्हणजेच 10 लाख लिटर, दहा हजार लिटरचे शंभर टँकर. अर्ध्या ओळीचं काम आहे.

मागच्या अहवालाची पार्श्वभूमी मी आमच्या हिशेबनीस ताईंना वाचायला दिली. त्या गावाला कधी गेलेल्या नव्हत्या. वाचून त्यांनी विचारलं, "दोन नाले आहेत म्हणता, मग सगळं काम खालच्याच नाल्यावर का केलंत?" वरच्या नाल्यावर रोजगार हमीतला जुना पाझर तलाव होता आणि त्याचा गाळ काढायचं काम दुसऱ्या योजनेतून आधीच मंजूर झालं होतं. आम्हा सगळ्यांना हे इतकं माहीत होतं की लिहायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. ते वाक्य घातलं आणि त्याला जागा करायला ग्रामदैवताची यात्रा काढली.